पोटासाठी गाव सोडणारी माणसे कोणत्या पुस्तकांत भेटतात?

(न्यासाच्या महोत्सवानिमित्त केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या न्यासाच्या एका सभासदांनी मला मागे एक प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "मास्तर, आपण दरवर्षी मुलांना वह्या-पुस्तके आणि फीसाठी मदत देतो. त्यांतली काही मुले दिवाळीनंतर दिसेनाशी होतात आणि शिमग्यानंतर परत येतात. आईबाप कामाला बाहेरगावी गेले, एवढेच कळते. या लोकांचे जिणे नीट समजून घ्यावयाचे असेल, तर वाचावे काय?" आजचे माझे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर होय. मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नव्हे. शाळेत मराठी शिकवितो, घरी उर्दू वाचतो, आणि बाजारात कानडी बोलतो. तेव्हा मला जे सांगता येईल ते वाचणाऱ्याच्या बाजूने सांगता येईल. पुस्तके पुष्कळ आहेत. परंतु मी थोडीच घेणार आहे, आणि ती कशी वाचावी हे सांगणार आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. गाव सुटणे दोन प्रकारचे असते. एक असे की, ज्याला तारीख असते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर बीदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतून कितीतरी कुटुंबे हैदराबादेस निघून गेली. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत ती आठवण आहे. धरणात गाव बुडते, तेव्हाही तारीख असते. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' ही कादंबरी १९९१ साली आली आणि पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, ती अशा धरणग्रस्तांची कादंबरी आहे. उर्दूत मंटोची 'टोबा टेक सिंह' ही फाळणीची कथा प्रसिद्धच आहे. या साऱ्या लेखनात एक 'पूर्वी' असते आणि एक 'नंतर' असते. मधली रेघ ठळक असते.

दुसऱ्या प्रकाराला अशी रेघ नसते. आळंद, बसवकल्याण, भालकी, औराद या आपल्या तालुक्यांतून आणि तांड्यांतून जो माणूस ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामावर जातो, तो गाव सोडतो आणि पुन्हा येतो, पुन्हा सोडतो आणि पुन्हा येतो. त्याचे रेशनकार्ड येथे, मत येथे, म्हातारी आई येथे. आणि वर्षाचे सहा-सात महिने तो तेथे. त्याला विस्थापित म्हणावे, तर त्याचे घर अजून उभे आहे. गावकरी म्हणावे, तर घराला कुलूप आहे. अशा माणसाची गोष्ट सांगणे लेखकाला अवघड जाते, कारण तिला आरंभ नाही आणि शेवटही नाही. म्हणून आपण वाचताना एका गोष्टीचा शोध घ्यावा असे मी सुचवितो. तो गेला का, हे सगळेच सांगतात; भाकरीसाठी गेला, हे आपल्यालाही ठाऊक आहे. *तो परत आल्यावर पुन्हा का गेला*, हे कोणते पुस्तक सांगते, ते पहावे. माझ्या मते सगळी किल्ली तेथे आहे.

आता पहिले पुस्तक म्हणून मी एकच कथा सांगतो. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १९२० साली वाटेगावचा. वारणेच्या खोऱ्यातले हे मातंग कुटुंब लहानपणीच पायी चालत मुंबईस आले. अण्णा भाऊंनी गिरणीत काम केले, हमाली केली, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत ते राहिले. म्हणजे ते पाहुणे म्हणून मजुरांत गेले नव्हते. त्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा आपण वाचली नसेल तर अवश्य वाचावी. गावाकडून आलेला भीमा नावाचा धिप्पाड गडी मुंबईच्या उपनगराबाहेर एका दगडाच्या खाणीत काम करतो. बायको आहे, लहान मुलगी आहे. एके दिवशी खाण बंद होते. का झाली, हे त्याला कोणी सांगत नाही. पुढे प्रेताच्या राखेत त्याला सोने सापडते आणि तो रात्री-अपरात्री स्मशाने उपसू लागतो. अखेर पुरलेल्या प्रेताच्या तोंडातले सोने काढताना त्याची बोटे त्या जबड्यात अडकतात आणि पुढे ती कापावी लागतात. आणि त्याच दिवशी बातमी येते की, खाण पुन्हा सुरू झाली.

बहुतेक वाचक ही कथा भयाची म्हणून वाचतात, कोल्ह्यांशी झालेली झुंज त्यांच्या लक्षात राहते. परंतु मजूर समजून घेण्यासाठी वाचणाऱ्याने तिच्यातली खाणीसंबंधीची वाक्ये नीट पहावीत. खाण बंद होते तीही भीमाला न विचारता, आणि उघडते तीही न विचारता. मधल्या दिवसांत त्याने काय खावे, हा प्रश्न खाणमालकाच्या वहीत कोठेच नाही. भीमा गावी परत का गेला नाही, असे वर्गात मुले मला विचारतात. कथेत त्याचे उत्तर कोणी भाषण करून देत नाही. पण गावी काही असते तर तो आला नसता, हे भीमाच्या वागण्यातूनच कळते. कथावाङ्मयाचा उपयोग हा आहे. माणूस एका कामावर किती टांगलेला असतो, ते आकड्याने कळत नाही. ते असे अंगावर येते तेव्हा कळते.

उर्दूत याच मुंबईवर कृष्ण चंदर यांची 'महालक्ष्मी का पुल' ही कथा आहे. पुलावर वाळत घातलेल्या सहा लुगड्यांवरून ते सहा घरांची हकीकत सांगतात. ती सुंदर आहे, परंतु तेथे लेखक पुलावर उभा आहे. अण्णा भाऊ खाणीत उभे आहेत. लेखक कोठे उभा राहून पाहतो आहे, हा वाचकाने विचारावयाचा दुसरा प्रश्न होय.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' हे आत्मकथन १९८० साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव टोपल्या विणत फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला मुलगा बापाच्या हट्टाने शाळेत जातो, अशी ती हकीकत. शिक्षक म्हणून मला ती फार मोलाची वाटते. शाळेच्या हजेरीपटावर 'गैरहजर' असा जो शेरा आम्ही मारतो, तो शाळेच्या बाजूने खरा असतो. परंतु मुलाच्या बाजूने पाहिले तर शाळाच मागे राहिलेली असते, तो आपला बिऱ्हाडाबरोबर हजर असतो. 'उपरा' वाचल्यावर हे कळते. शिवाय एक गोष्ट कळते की, सगळ्यांनाच सोडून यावे असे गाव नसते. काहींचे बिऱ्हाड गावाच्या बाहेरच पडते आणि बाहेरूनच उठते. ज्या कादंबऱ्यांत गाव म्हणजे हिरवागार स्वर्ग आणि शहर म्हणजे नरक असे चित्र असते, त्या वाचताना म्हणूनच जरा सावध असावे.

परंतु कथा-आत्मकथनांत एक उणीव राहते. त्यांत पैशाचा हिशेब सहसा नसतो. आणि तो हिशेब कळल्याशिवाय 'पुन्हा का गेला' या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते काम वार्तालेखनाचे.

आपल्याकडच्या ऊसतोडीचा हिशेब मी येथे मांडून दाखवितो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. पावसाळ्यात, हाताला काम नसते तेव्हा, मुकादम येऊन कोयत्याला 'उचल' देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. तिच्यातून लग्न होते, दवाखाना होतो, घरावर पत्रे पडतात. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फडात कोपी घालून राहते. मजुरी दिवसावर नसते, टनावर असते. महाराष्ट्रात जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला.

समजा, एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली. पहाटेपासून राबून, तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून त्यांनी दिवसाला दोन टन ऊस घातला, तर दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात. या वेगाने एक लाख फेडावयास सुमारे १३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने लागतात, आणि तेही एक दिवस न चुकता. दोनऐवजी दीडच टन पडला, तर दिवसाचे ५४९ रुपये आणि फेडीला १८२ दिवस, म्हणजे सहा महिने. हंगाम मात्र पाच महिन्यांवर क्वचितच जातो. याखेरीज पंधरवड्याच्या बाजारासाठी मुकादम जी खर्ची देतो, ती याच हिशेबात वाढते. म्हणजे हंगाम संपला तरी काही बाकी उरते, ती पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळविली जाते, आणि दिवाळीला टोळी पुन्हा निघते. तो पुन्हा का गेला? तो यंदा जे कमवायला गेला, ते त्याने मागच्या पावसाळ्यातच खर्च केले होते म्हणून. मजुरी आधी आणि काम मागून, अशी ही उलटी रीत आहे.

आता हा हिशेब हाती ठेवून एक वार्तालेखन वाचून पहा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी राधेश्याम जाधव या पत्रकारांनी 'बिझनेसलाइन' या इंग्रजी पत्रात दिली आणि देशभर खळबळ उडाली. नंतर सरकारी पाहणी झाली; सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झाली होती, म्हणजे साधारण सहांत एक. नुसता आकडा वाचणाऱ्याने डॉक्टरांना दोष देऊन पान उलटले. डॉक्टरांचा दोष असेलच; परंतु त्या वेळच्या चांगल्या वार्तापत्रांत आणखी एक बारीक गोष्ट होती, ती म्हणजे 'खाडा'. काम चुकले की खाडा पडतो आणि दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत दंड होतो, असे त्या स्त्रियांनी सांगितले होते. आता आपला हिशेब आठवा. ज्या दिवशी बाई उठू शकत नाही, त्या दिवशी जोडीच मोडते; ७३२ रुपये बुडतात आणि वर दंड. फडात न्हाणीघर नाही, पाणी लांब. दर महिन्याला असे दोन-तीन दिवस गेले तर फेड लांबते. तेव्हा, "एकदाचे काढूनच टाका," हे शब्द एका अडाणी बाईच्या भीतीतून आले असे म्हणून चालणार नाही. त्यामागे उचलीचा हिशेब उभा आहे. आकडा, हिशेब आणि बाईचे बोलणे ही तिन्ही एके ठिकाणी आणते, ते उत्तम वार्तालेखन. त्यांपैकी एकच असेल, तर वाचकाने उरलेली दोन शोधावीत.

येथे कोणी विचारील की, कारखान्यांच्या आसपास भूमिहीन मजूर नाहीत काय? बाहेरून माणसे आणावयाची कशाला? याचे उत्तर यान ब्रेमन या डच अभ्यासकाने दिले आहे. दक्षिण गुजरातेत बार्डोलीच्या सहकारी साखर कारखान्यांसाठी खानदेशातून टोळ्या येत, आणि त्याच बार्डोलीचे हळपती भूमिहीन कामासाठी दुसरीकडे जात. १९७८ साली ब्रेमनने यावर लिहिले. त्याने दाखविले की, हा मजुरांच्या तुटवड्याचा प्रश्न नाही. परगावच्या मजुराला रात्री-अपरात्री कधीही उठविता येते, त्याचे भाऊबंद जवळ नसतात, भाषा वेगळी असते, आणि उचल फिटेपर्यंत तो सोडून जाऊ शकत नाही. स्थानिक माणूस संध्याकाळी आपल्या घरी जातो; परका जात नाही. आपल्या सीमाभागाला हे लवकर समजेल. आपली माणसे तेथे परकी होतात, आणि आपल्याकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर आपण दुसऱ्या मुलखातली माणसे पाहतो. गरीब जेथे जातो तेथे परका असणे, हाच त्याच्या मजुरीच्या दराचा एक भाग आहे.

वार्तालेखनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. वर्तमानपत्राला मजूर दिसतो तो रस्त्यावर आल्यावर. ८ मे २०२० रोजी टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशाकडे चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली मरण पावले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले. त्याच महिन्यात, १८ तारखेस, कर्नाटक सरकारने महाराष्ट्रासह काही राज्यांतून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत बंदी केली आणि आपल्याच जिल्ह्यांची माणसे आपल्याच सीमेवर थांबून राहिली. त्या दिवसांत पाने भरभरून लिहिले गेले. परंतु टाळेबंदी उठली, माणसे पुन्हा त्याच गाड्यांनी त्याच कामांवर गेली, आणि लिहिणे थांबले. रस्त्यावरचा मजूर ही बातमी होते. फडातला किंवा अर्ध्या बांधलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर झोपणारा मजूर ही बातमी होत नाही.

ही मर्यादा ओलांडणारे लेखन ओळखावयाची एक साधी खूण आहे. लेखक तेथे कितीदा गेला, आणि त्याने बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी मोजल्या काय, हे पहावे. पी. साईनाथ यांनी आपल्यापासून फार दूर नसलेल्या महबूबनगर जिल्ह्याबद्दल २००३ साली लिहिताना उपदेश केला नाही; त्यांनी बसगाड्या मोजल्या. दहा वर्षांपूर्वी तेथून मुंबईला आठवड्यास एक बस जात असे, ती संख्या तोपर्यंत तिसाच्या वर गेली होती. एका आगाराच्या वेळापत्रकातून त्यांनी एका जिल्ह्याची शेती वाचून दाखविली. त्यांचे इंग्रजी पुस्तक 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने मराठीत आहे, आणि डिसेंबर २०१४ पासून त्यांनी चालविलेल्या 'पारी' या संग्रहात ऊसतोडीवरचे लेख मराठीतही वाचावयास मिळतात.

तेव्हा सभासदमित्रांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. प्रथम 'स्मशानातील सोनं' वाचावी. ती अर्ध्या तासात होते. मग 'उपरा' वाचावे. त्यानंतर ऊसतोडीवरचा एखादा मोठा लेख घ्यावा आणि हाती कागद-पेन्सिल घेऊन त्यातला हिशेब मांडावा: उचल किती, दर काय, दिवस किती, खाडा किती, बाकी किती. लेखात ही पाच उत्तरे नसतील, तर लेख अपुरा समजावा. आणि ती असूनही त्या माणसाची रात्र कशी जाते हे कळले नसेल, तर पुन्हा अण्णा भाऊंकडे यावे.

आमच्या गीता नागभूषण या कलबुर्गी जिल्ह्यातल्याच लेखिका. त्यांच्या 'बदुकु' या कानडी कादंबरीला २००४ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. 'बदुकु' म्हणजे जगणे. कानडी जाणणाऱ्यांनी ती जरूर वाचावी, कारण बाहेर जाणारी माणसे ज्या वस्त्यांतून निघतात, त्या वस्त्या तिच्यात आहेत.

न्यासाच्या कामाशी याचा संबंध काय, असे विचारले जाईल. आपण मदतीचा अर्ज जूनमध्ये मागवितो आणि रक्कम दिवाळीच्या सुमारास देतो. उचल दिली जाते ती पावसाळ्यात. ज्या घराला पावसाळ्यात पाच-दहा हजारांची नड असते, ते घर आपल्या दारी न येता मुकादमाच्या दारी जाते, आणि आपली मदत मंजूर होईतो मूल फडात गेलेले असते. तारीख दोन-तीन महिने अलीकडे आणता येईल काय, याचा विश्वस्त मंडळींनी विचार करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.